शेवटच्या पेपरात किमान किती गुण हवेत? ५५ टक्क्यांचा हिशोब, मार्कशीट समोर ठेवून

एम.ए. किंवा एम.कॉम.च्या चौथ्या सत्रात मुलं पोचली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, तीन सत्रांचे ५४.३३ टक्के झालेत. नेटला ५५ लागतात. म्हणजे आता ५६ पडले की झालं ना?" नाही होत. ५६ पडले तर गाडी ५५ च्या अलीकडेच थांबते, आणि हे कळतं तेव्हा निकाल हातात असतो. हिशोब अवघड नाही, सातवीच्या सरासरीचाच आहे. पण तो टक्क्यांत मांडला की चुकतो आणि गुणांत मांडला की सरळ सुटतो. इथे एकाच विद्यार्थिनीची मार्कशीट घेऊन तो शेवटपर्यंत करून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, अट मात्र खरी आहे.

आधी अट नीट वाचायची

यूजीसी नेटसाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधले ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के पुरतात. शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते, पण मग नेटचा निकाल लागल्यापासून दोन वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते, तीही तेवढ्या टक्क्यांनी. आणि अटीतच लिहिलेलं असतं की हे ५५ टक्के 'राउंडिंग ऑफ' न करता मोजायचे. ५४.९९ म्हणजे ५५ नव्हेत. बँकांच्या भरतीत आयबीपीएसचा नियमही असाच आहे. तिथे तर ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी, असं उदाहरण देऊनच सांगितलेलं असतं.

अट वाचताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली ही की टक्के कशाचे मागितलेत. नेटला पूर्ण पदवीचे लागतात, म्हणजे चारही सत्रांचे. बारावीनंतर इंजिनीअरिंगला खुल्या प्रवर्गासाठी जी ४५ टक्क्यांची अट असते, ती मात्र पूर्ण बारावीची नसते, ठरावीक तीन विषयांची असते. म्हणजे ३०० पैकी १३५. तिथे मराठीत ८० पडले काय नि ५० पडले काय, या हिशोबात ते येतच नाहीत. दुसरी गोष्ट अपूर्णांकाची. तो वर ओढतात की सोडून देतात, हे अटीत लिहिलेलं नसेल तर सोडून देतात असंच धरून चालावं.

टक्के बाजूला ठेवा, गुण मोजा

आपली विद्यार्थिनी एम.ए.ला आहे. प्रत्येक सत्रात १०० गुणांचे चार पेपर, म्हणजे सत्राला ४००. चार सत्रांचे मिळून १६००. त्याचे ५५ टक्के म्हणजे ८८०. हा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा. यापुढे ५५ हा आकडा विसरला तरी चालेल, ८८० विसरायचा नाही.

तिची पहिली तीन सत्रं अशी गेली: पहिल्यात २०७, दुसऱ्यात २१९, तिसऱ्यात २२६. बेरीज ६५२. ८८० मधून ६५२ गेले, उरले २२८. चौथ्या सत्रात ४०० पैकी २२८ हवेत, म्हणजे ५७ टक्के.

सूत्र म्हणून लिहायचं तर एवढंच:

```
हवे असलेले गुण = (कटऑफ × एकूण कमाल गुण ÷ १००) − आतापर्यंत मिळालेले गुण
```

आता तो '५६ पडले की झालं' वाला समज कुठून येतो ते बघू. १२०० पैकी ६५२ म्हणजे ५४.३३ टक्के. ५५ ला ०.६७ कमी. मनात येतं की एवढीच तूट आहे, तर शेवटच्या सत्रात ५५ च्या वर ०.६७ मिळवले की भरून निघेल. पण ही तूट एका सत्राची नाही, तीन सत्रांची आहे. प्रत्येक सत्रामागे सरासरी ०.६७ कमी, तीन सत्रं मिळून २. हे दोन्ही टक्के एकट्या चौथ्या सत्राला भरायचे आहेत. ५५ अधिक २, म्हणून ५७. मुलीनं ५६ टक्के, म्हणजे २२४ गुण मिळवले असते तर एकूण ८७६ झाले असते आणि टक्के ५४.७५.

हेच तोंडी करायचं असेल तर उधारीच्या वहीसारखं करता येतं. प्रत्येक सत्राला २२० हवेत हे धरा. पहिल्या सत्रात २०७, म्हणजे १३ नावे. दुसऱ्यात २१९, म्हणजे १ नावे. तिसऱ्यात २२६, म्हणजे ६ जमा. शिल्लक ८ नावे. चौथ्या सत्राचे स्वतःचे २२० आणि वरून हे ८, मिळून २२८. या रीतीत मोठ्या बेरजा कराव्या लागत नाहीत आणि कोणत्या सत्रानं घात केला तेही दिसतं. इथे सगळी रड पहिल्या सत्राची आहे.

एक सावधगिरी. आतापर्यंतचे गुण मार्कशीटवरून मोजा, छापलेल्या टक्क्यांवरून उलटे काढू नका. ५४.३३ हा आकडा आधीच दोन दशांश स्थळांवर तोडलेला आहे. १२०० ला ५४.३३ टक्क्यांनी गुणलं तर ६५१.९६ येतात, ८८० मधून वजा केले तर २२८.०४ उरतात, आणि गुण पूर्णांकात लागतात म्हणून तुम्ही २२९ लिहाल. एक गुण फुकट वाढला. दुसऱ्या एखाद्या मार्कशीटवर टक्के पूर्णांकात वर ओढून छापलेले असतील तर हाच प्रकार उलटा होतो आणि गुण कमी दिसतात. ते जास्त वाईट.

सगळे पेपर १०० चे नसतील तर तर गुणच मोजावेत. एका विषयात १०० पैकी ६० आणि ५० गुणांच्या प्रकल्पात ४५ असतील तर १५० पैकी १०५, म्हणजे ७० टक्के होतात. पण ६० टक्के आणि ९० टक्के यांची सरासरी काढली तर ७५ येते. ही ७५ कुठल्याच मार्कशीटवर छापून येणार नाही.

चौथ्या सत्राचे २२८ कुठून येणार

पेपर १०० चा म्हणतात, पण लेखी परीक्षा बहुतेक ठिकाणी १०० ची नसते. आपल्या उदाहरणात ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ६० लेखीचे आहेत. अंतर्गत गुण लेखीच्या आधीच ठरलेले असतात. काही महाविद्यालयं ते फलकावर लावतात, काही ठिकाणी विभागात जाऊन विचारावे लागतात. विचारावेत. त्यानं हिशोबातला मोठा भाग आधीच नक्की होतो.

या मुलीचे चार पेपरांचे अंतर्गत गुण २५, २८, २५ आणि २६ आहेत. बेरीज १०४. म्हणजे २२८ पैकी १०४ खिशात, लेखीतून १२४ आणायचे. चार लेखी पेपर २४० गुणांचे, म्हणजे पेपरामागे सरासरी ३१. '५७ टक्के पाहिजेत' यापेक्षा '६० पैकी ३१ पाहिजेत' हे वाक्य अभ्यासाला बसताना जास्त कामाचं आहे. शिवाय हे दोन्ही एकच नाहीत. ६० पैकी ३१ म्हणजे ५१.६७ टक्के. अंतर्गत गुण १६० पैकी १०४, म्हणजे ६५ टक्के असल्यामुळे लेखीवरचा भार हलका झालाय. ज्याचे अंतर्गत गुण कमी पडलेत त्याच्यासाठी तो वाढतो.

आता तीन लेखी पेपर झालेत आणि चौथा परवा आहे. झालेल्या पेपरांचे गुण कोणालाच माहीत नाहीत. इथे बहुतेक जण एकच अंदाज धरतात, आणि पेपर सोपा गेला असेल तर तो अंदाज फुगलेला असतो. दोन अंदाज करा: हात आखडता ठेवून एक, मोकळा सोडून एक. प्रश्नपत्रिका पुढे घ्या आणि प्रश्नागणिक लिहा. जो प्रश्न अर्धवट सुटला त्याला आखडत्या अंदाजात अर्ध्याहून कमी द्या, जो लिहिलाच नाही त्याला दोन्हीकडे शून्य.

तिनं असं केलं. आखडता अंदाज २९, २५, ३२, मिळून ८६. मोकळा अंदाज ३६, ३१, ३९, मिळून १०६. लेखीतून एकूण १२४ हवेत. तर शेवटच्या पेपरात आखडत्या अंदाजाप्रमाणे ३८ हवेत आणि मोकळ्या अंदाजाप्रमाणे १८.

हे १८ मात्र खरे नाहीत, कारण लेखीत स्वतंत्र पास व्हावं लागतं. अनेक विद्यापीठांत अंतर्गत आणि लेखी या दोन्ही भागांत वेगवेगळं उत्तीर्ण होण्याची अट असते. ती ४० टक्के असेल तर ६० पैकी २४. म्हणून उत्तर १८ नव्हे, २४. सरासरीचा हिशोब आणि पासिंगचा हिशोब वेगळे करायचे आणि दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा. मग तिच्यासमोरचं चित्र असं: किमान २४ ते ३८ च्या मध्ये कुठेतरी. तयारी ३८ ची करायची, कारण पेपर तपासणारा तुमच्या मोकळ्या अंदाजाशी बांधील नाही.

निकाल लागला आणि एक पेपर राहिला

निकाल आला. पहिले तीन पेपर ५८, ५६, ६१. त्यांत लेखीचे ३३, २८, ३६, मिळून ९७. अंदाजाच्या जवळजवळ मधोमध. पण चौथ्या पेपरात लेखीत १९ पडले, नापास.

एटीकेटी किंवा बॅकलॉग म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं, पण आपल्या हिशोबाच्या दृष्टीनं ही सगळ्यात स्वच्छ अवस्था आहे. आता सगळे गुण माहीत आहेत आणि फक्त एकच आकडा अज्ञात आहे.

तीन सत्रांचे ६५२, चौथ्या सत्राच्या तीन पेपरांचे १७५. झाले ८२७. राहिलेल्या पेपराचे अंतर्गत गुण २६ कायम राहतात, असं धरू. बहुतेक ठिकाणी राहतात, तरी परीक्षा विभागात खात्री करून घ्यावी, कारण काही अभ्यासक्रमांत अंतर्गतही परत द्यावं लागतं. ८२७ अधिक २६ म्हणजे ८५३. ८८० वजा ८५३ म्हणजे २७.

लेखीत ६० पैकी २७. पासिंग २४, कटऑफसाठी २७. मोठा आकडा २७, तेच उत्तर.

उत्तर आलं की ताळा करायचा, आणि तो दोन्ही बाजूंनी करायचा. २७ पडले तर ८८०, भागिले १६००, बरोबर ५५.००. २६ पडले तर ८७९, म्हणजे ५४.९३७५ टक्के. मार्कशीटवर ५४.९४ छापून येईल. घरचे म्हणतील पंचावन्नच झाले की, आणि नेटच्या पडताळणीत कागद बाजूला पडेल. नुसतं २७ ला जमतं एवढं पाहून थांबलात तर २७ हे किमान आहे की नाही ते सिद्ध होत नाही. एक गुण कमी केल्यावर मोडतं, हे दिसलं म्हणजे किमान सापडलं.

या तीन गुणांत, २४ आणि २७ च्या मध्ये, खरा धोका आहे. २५ पडले तर ती पास होते, पदवी मिळते, एकूण ८७८ होतात, टक्के ५४.८८. आणि पास झालेला पेपर परत देता येईलच असं नाही. काही विद्यापीठांत श्रेणीसुधाराची सोय असते, काहींत ठरावीक मुदतीत असते, काहींत नसतेच. म्हणून माझं स्पष्ट मत असं की बॅकलॉगच्या परीक्षेला 'निघाला म्हणजे झालं' या तयारीनं बसू नये. जिथे श्रेणीसुधार नाही तिथे २५ गुणांचं पास होणं १९ गुणांच्या नापासापेक्षा वाईट ठरू शकतं, कारण नापासाला दार उघडं असतं. ग्रेस गुणांच्या भरवशावरही राहू नये. ते कशासाठी द्यायचे हे विद्यापीठाचे नियम ठरवतात, आणि पास करण्यासाठी दिलेले ग्रेस टक्के वाढवण्यासाठी मिळतीलच असं नाही.

गुण पूर्णांकात, म्हणून नेहमी वर

उदाहरणात ८८० हा पूर्ण आकडा आला म्हणून सोपं झालं. एकूण गुण १६५० असते तर त्याचे ५५ टक्के ९०७.५ झाले असते. इथे ९०७ चालत नाहीत, ९०८ लागतात. शाळेत शिकवलेला नियम, अर्ध्याच्या खाली असेल तर खाली आणि वर असेल तर वर, इथे लावायचा नाही. ९०७.१ असते तरी ९०८ च घ्यायचे. किमान गुण शोधताना अपूर्णांक कितीही लहान असो, तो वरच जातो.

स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये कटऑफ, B2 मध्ये एकूण कमाल गुण, B3 मध्ये आतापर्यंतचे गुण आणि B4 मध्ये पासिंगचे गुण लिहा. उत्तराच्या घरात हे:

```
=MAX(B4, ROUNDUP(B1*B2/100 - B3, 0))
```

आपल्या उदाहरणात 55, 1600, 853 आणि 24 भरले की 27 येतात. कटऑफ 55 असाच लिहायचा आणि घराला टक्क्यांचं चिन्ह लावायचं नाही. चिन्ह लावलं तर घरात 0.55 जातं आणि वरचं सूत्र 27 ऐवजी 24 दाखवतं. सूत्रातला १०० चा भागाकार काढून 0.55 च वापरला तरी अडचण राहते. संगणक ०.५५ हा आकडा आत तंतोतंत साठवू शकत नाही, किंचित मोठा साठवतो. पायथनमध्ये करून बघा:

```
import math
math.ceil(0.55*1600 - 853)     # 28
math.ceil(55*1600/100 - 853)   # 27
```

पहिल्या ओळीत 0.55*1600 चं उत्तर 880.0000000000001 येतं. तो शेवटचा धुळीएवढा अपूर्णांक वर ओढला गेला आणि २७ चे २८ झाले. आधी पूर्णांकांचा गुणाकार करून मग १०० नं भागलं की हे टळतं. ज्यांनी कोणी मित्रांसाठी कॅल्क्युलेटर बनवून ग्रुपवर टाकलाय त्यांनी एकदा हा आकडा घालून पाहावा.

आकडा जमतच नसेल तर

समजा पहिल्या तीन सत्रांचे ६५२ ऐवजी ६१५ च असते, म्हणजे ३७ कमी. मग शेवटच्या पेपरात २७ अधिक ३७, म्हणजे ६४ हवेत. पेपरच ६० चा आहे. हिशोब इथे सरळ सांगतो की या एका पेपरानं काम होणार नाही. हे आधी कळलेलं बरं, कारण मग प्रश्न बदलतो: श्रेणीसुधाराची सोय असेल तर कोणता जुना पेपर परत द्यायचा?

जिथे सगळ्यात कमी गुण आहेत तो पेपर निवडावा, असं वाटतं. पण बघायचं असतं ते वाढीला जागा किती आहे आणि ती जागा तुम्हाला भरता येईल का. ज्या पेपरात तब्येत बिघडल्यामुळे ३० पडले आणि विषय येतो, तो पेपर ज्यात मुळात काही कळलंच नाही अशा २६ वाल्या पेपरापेक्षा बरा. आणि अर्ज भरण्याआधी एक नियम विचारून घ्यायचा: परत दिलेल्या परीक्षेत गुण कमी पडले तर जुने राहतात की नवे लागतात? जुने राहत असतील तर दोन पेपरांना बसायला हरकत नाही. नवे लागत असतील तर हिशोब परत पहिल्यापासून करावा लागेल.

उलटंही होतं. एखाद्याला आतापर्यंत ८६५ असतील तर कटऑफसाठी फक्त १५ हवेत, पण २४ शिवाय पास नाही. तिथे किमान २४.

मार्कशीटवर गुण नसून क्रेडिट असतील तर

आता बहुतेक विद्यापीठांत गुणांच्या जोडीला श्रेणी आणि सीजीपीए असतात, आणि टक्के सीजीपीएवरून काढले जातात. पद्धत तीच, फक्त दोन बदल होतात.

पहिला बदल असा की प्रत्येक पेपराचं वजन सारखं नसतं. चार क्रेडिटचा पेपर दोन क्रेडिटच्या पेपरापेक्षा दुप्पट मोजला जातो. म्हणून गुणांच्या जागी क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट घ्यायचे. समजा दोन वर्षांची पदवी ८८ क्रेडिटची आहे, ८४ क्रेडिटचे निकाल लागलेत आणि ४ क्रेडिटचा एक पेपर राहिलाय. हवा सीजीपीए ६.२५. तर एकूण ६.२५ गुणिले ८८, म्हणजे ५५० पॉइंट हवेत. आतापर्यंत ५२४ जमलेत. राहिले २६, आणि पेपर ४ क्रेडिटचा, म्हणून २६ भागिले ४, म्हणजे ६.५ ग्रेड पॉइंट.

इथे दुसरा बदल येतो. ६.५ असा ग्रेड पॉइंट मिळतच नाही. ६ नाहीतर ७. सहा मिळाले तर ५४८ भागिले ८८, म्हणजे ६.२३, कमी पडतात. म्हणून ७ हवेत, म्हणजे ५५२, सीजीपीए ६.२७. आता विद्यापीठाच्या तक्त्यात ७ पॉइंट कोणत्या गुणापासून सुरू होतात ते बघायचं. समजा ५५ ते ५९ ला ७ आणि ५० ते ५४ ला ६ आहेत. तर तुमचा किमान आकडा १०० पैकी ५५. अंतर्गत २६ असतील तर लेखीत २९. ५४ आणि ५५ च्या मध्ये इथे पात्रतेचा फरक पडतो, आणि ५५ आणि ५९ च्या मध्ये काहीच पडत नाही. गुणांच्या पद्धतीत प्रत्येक गुण मोजला जातो. इथे पायरी चढलात तर मोजलं जातं, नाहीतर नाही. त्यामुळे मागच्या पेपरांत ५९ वर अडकलेला माणूस इथे जास्त हळहळतो.

सीजीपीएलाही तेच पथ्य आहे. छापलेल्या ६.२४ ला ८४ नं गुणून पॉइंट काढू नका, प्रत्येक सत्राच्या मार्कशीटवरचे क्रेडिट पॉइंट घेऊन बेरीज करा. एकूण क्रेडिट जास्त असतात तशी तोडलेल्या दशांशाची चूक वाढत जाते.

राहिला प्रश्न ६.२५ च का घेतले याचा. एआयसीटीईच्या समकक्षता तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के धरलेले आहेत. म्हणजे सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० नं गुणायचं. काही विद्यापीठं थेट १० नं गुणतात, तिथे ५५ टक्क्यांना ५.५ पुरतात. पाऊण पॉइंटाचा फरक पडतो, आणि ८८ क्रेडिटवर तो ६६ पॉइंट होतो. म्हणून हिशोबाला बसण्याआधी तुमच्या मार्कशीटच्या मागच्या बाजूला छापलेलं सूत्र शोधा. तिथे नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या, कारण नेट किंवा सेट झाल्यावर कागद तपासणारा तेच पत्र मागेल. ५५ टक्के त्या सूत्रानं आधी सीजीपीएमध्ये बदलून घ्या आणि मगच वजाबाकीला लागा.